हजेरीच्या फाइलमधून तारखा कॉपी केल्या की चार वर्षं मागे का जातात?

प्रश्न: आमच्या कारखान्याच्या हजेरीच्या एक्सेल फाइलमधून कामगारांच्या रुजू होण्याच्या तारखा मी पगाराच्या फाइलमध्ये कॉपी केल्या. हजेरीत १ एप्रिल २०२१ दिसते, ती पगाराच्या फाइलमध्ये ३१ मार्च २०१७ झाली. बाकीच्याही अशाच मागे गेल्या, पण तीन जणांच्या तारखा मात्र जशाच्या तशा आल्या. सेलचं फॉरमॅट बदलून पाहिलं, काही फरक पडत नाही. हे कशामुळे होतं आणि आता चारशे तारखा हाताने दुरुस्त करायच्या का?

उत्तर:

हाताने एकही करायची नाही, त्या तीन सोडून. त्या तिघांकडे नंतर येतो.

आधी एक खात्री करून घ्या. हजेरीच्या फाइलमध्ये जिथे १ एप्रिल २०२१ आहे तो सेल निवडा आणि त्याचं फॉरमॅट `General` करा. ४२८२५ हा आकडा दिसेल. आता पगाराच्या फाइलमधल्या ३१ मार्च २०१७ च्या सेललाही तसंच करा. तिथेही ४२८२५ च दिसेल. म्हणजे कॉपी करताना काहीच बिघडलेलं नाही. एक्सेलने आकडा इमानेइतबारे पोचवला, पण दोन फाइली त्या एकाच आकड्याचा अर्थ वेगवेगळा लावतात. पाहून झालं की `Ctrl+Z` करून फॉरमॅट परत आणा.

एक्सेलच्या सेलमध्ये तारीख अशी काही वस्तू नसतेच. असतो तो दिवसांचा आकडा, कुठल्या तरी ठरलेल्या दिवसापासून मोजलेला. तारखेचं रूप हे वरून घातलेलं फॉरमॅट. तो ठरलेला दिवस मात्र दोन प्रकारचा असू शकतो. नेहमीच्या पद्धतीत १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १. दुसऱ्या पद्धतीत १ जानेवारी १९०४ हा दिवस क्रमांक ०. कुठली पद्धत वापरायची ते त्या त्या वर्कबुकमध्ये नोंदलेलं असतं. ते तुमच्या कॉम्प्युटरवर किंवा सेलच्या फॉरमॅटवर अवलंबून नसतं, म्हणूनच फॉरमॅट बदलून तुम्हाला काही हाती लागलं नाही. आणि म्हणूनच हजेरीची फाइल कुठल्याही मशीनवर उघडली तरी तिच्यातल्या तारखा ठीक दिसतात. घोळ होतो तो आकडा तिच्यातून उचलून वेगळ्या पद्धतीच्या फाइलमध्ये ठेवला की.

दोन पद्धतींत अंतर आहे १४६२ दिवसांचं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. चार वर्षांचे दिवस एका लीप वर्षासकट १४६१ होतात, त्यामुळे १४६२ म्हणजे चार वर्षं आणि वर एक दिवस. तुमची १ एप्रिलची तारीख १ एप्रिलवर न जाता ३१ मार्चवर गेली ती या वरच्या एका दिवसामुळे. हा दिवस आला कुठून, ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चांगलाच हसलो होतो. खऱ्या कॅलेंडरप्रमाणे १ जानेवारी १९०० ते १ जानेवारी १९०४ यांत फक्त १४६० दिवस आहेत, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण त्या काळी गाजलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये १९०० हे लीप वर्ष धरलं होतं आणि लोटसच्या फाइली नीट चालाव्यात म्हणून एक्सेलनेही ती चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. आजही नेहमीच्या फाइलमध्ये ६० लिहून त्याला तारखेचं फॉरमॅट द्या, २९ फेब्रुवारी १९०० दिसेल, जो दिवस कधी उगवलाच नाही. हा खोटा दिवस धरून १४६१ झाले. आणि एक पद्धत १ पासून मोजते, दुसरी ० पासून, म्हणून आणखी एक. झाले १४६२.

१९०४ ची पद्धत आली मॅकिंटॉशकडून. त्या मशीनचं घड्याळच १ जानेवारी १९०४ पासून मोजत असे. १९०४ हे खरं लीप वर्ष, तिथून सुरुवात केली की १९०० ची भानगडच राहत नाही. एक्सेल १९८५ साली आधी मॅकवरच आलं, विंडोजवर १९८७ मध्ये, आणि मॅकवरच्या नव्या फाइली कितीतरी वर्षं १९०४ च्या पद्धतीनेच तयार होत. मॅकसाठीच्या २०११ च्या आवृत्तीपासून तिथेही १९०० ची पद्धत आली. तरी जुन्या फाइलवर नवं नाव टाकून ती वर्षानुवर्षं वापरणारी ऑफिसं आहेत, आणि तशा फाइलबरोबर तिची पद्धतही पुढे येत राहते.

तुमच्या कारखान्यात मॅक असेल असं मला वाटत नाही. हजेरीची फाइल म्हटल्यावर माझा संशय दुसरीकडेच जातो. त्या फाइलमध्ये कामाचे तास कमी भरले तर वजा वेळ दाखवणारा एखादा कॉलम आहे का बघा, म्हणजे आठ तासांऐवजी साडेसात भरले की उणे अर्धा तास. १९०० च्या पद्धतीत एक्सेल वजा वेळ दाखवू शकत नाही, सेलभर `#####` येतं. मग कोणीतरी शोधाशोध करतं आणि उपाय सापडतो: अमुक ठिकाणी खूण करा, वजा वेळ दिसायला लागेल. खूण केली की खरंच दिसायला लागते. ती खूण १९०४ च्या पद्धतीची असते आणि ती एका कॉलमला नाही, अख्ख्या वर्कबुकला लागू होते, हे कोणी सांगत नाही. मी आजवर पाहिलेल्या अशा फाइलींतल्या निम्म्याहून जास्त याच वाटेने आलेल्या होत्या.

खूण आहे का ते असं पाहा. हजेरीची फाइल उघडी ठेवून `File > Options > Advanced` मध्ये जा, बरंच खाली `When calculating this workbook` असा भाग आहे, त्यात `Use 1904 date system`. मेनूत शिरायचं नसेल तर कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे लिहा:

```
=TEXT(0,"yyyy")
```

उत्तर १९०० किंवा १९०४ येईल, जी पद्धत असेल ते. दोन्ही फाइलींत लिहून पाहा.

आता दुरुस्तीकडे वळण्याआधी एक प्रश्न, आणि तो सोडून पुढे जाऊ नका: दोन्हीपैकी बरोबर कोण? तुम्ही धरून चालला आहात की हजेरीतली तारीख खरी आणि पगारातली खोटी. बहुतेक वेळा तसंच असतं, पण नेहमी नाही. ही खूण करताना एक्सेल सेलमधले आकडे बदलत नाही, फक्त त्यांचा अर्थ बदलतं. म्हणजे ज्या तारखा खूण करण्याआधी लिहिलेल्या होत्या त्या खूण केल्याक्षणी चार वर्षं एक दिवस पुढे उडी मारतात. खूण झाल्यावर लिहिलेल्या मात्र बरोबर राहतात. मी एका वर्कशॉपची फाइल पाहिली होती, तिच्यात एकाच कॉलममध्ये दोन्ही तऱ्हेच्या तारखा होत्या. जुन्या कामगारांच्या तारखा हजेरीतच चार वर्षं पुढे गेलेल्या, पण कोणी लक्ष दिलं नव्हतं, कारण २०११ ऐवजी २०१५ दिसलं तर डोळ्यांना खटकत नाही. त्या जुन्या तारखा दुसऱ्या फाइलमध्ये कॉपी केल्या की आपोआप बरोबर होत आणि नव्या चुकत. सगळ्यांना सरसकट १४६२ मिळवले असते तर अर्धी यादी नव्याने बिघडली असती.

म्हणून पाच-सहा नेमणूकपत्रं काढा. त्यांत फाइलमधले सगळ्यात जुने दोन कामगार असू द्या, सगळ्यात नवे दोन आणि मधले एक-दोन. पत्रावरची तारीख दोन्ही फाइलींतल्या तारखांशी ताडून पाहा. सगळ्यांची हजेरीतली तारीख पत्राशी जुळली तर सरळ मामला आहे. जुन्यांची पगारातली जुळली आणि नव्यांची हजेरीतली, तर खूण मध्येच कधीतरी झालेली आहे. मग ती ओळ कुठे बदलते ते पत्रं पाहतच शोधावं लागेल. तिथे कुठलंही सूत्र कामाचं नाही, कारण सेलमधल्या आकड्यावर तो कधी टाइप झाला याची काही नोंद नसते.

सरळ मामला आहे असं धरू आणि पगाराच्या फाइलमधल्या तारखा दुरुस्त करू. समजा तारखा B कॉलममध्ये दुसऱ्या ओळीपासून आहेत. शेजारी एक रिकामा कॉलम घ्या आणि लिहा:

```
=IF(ISNUMBER(B2),B2+1462,"")
```

खालपर्यंत ओढा, कॉलमला तारखेचं फॉरमॅट द्या. ४२८२५ मध्ये १४६२ मिळवले की ४४२८७ होतात आणि १९०० च्या पद्धतीत तो १ एप्रिल २०२१. जुन्या आणि नव्या तारखा शेजारीशेजारी दिसतील, पत्रांशी पुन्हा एकदा ताडा, मग नवा कॉलम कॉपी करून `Paste Special > Values` ने जुन्याच्या जागी ठेवा आणि मदतीचा कॉलम उडवा. उलट दिशेने, म्हणजे १९०० च्या फाइलमधून १९०४ च्या फाइलमध्ये तारखा नेल्या असत्या, तर त्या पुढे गेल्या असत्या आणि १४६२ वजा करावे लागले असते.

याहून झटपट एक रीत सांगतात: रिकाम्या सेलमध्ये 1462 लिहायचं, तो कॉपी करायचा, तारखा निवडून `Paste Special` मध्ये `Values` आणि `Add`. चालते ती रीत, पण मी नवख्याला देत नाही. निवडीत जे रिकामे सेल असतील त्यांत १४६२ जाऊन बसतो आणि तारीख म्हणून १ जानेवारी १९०४ दिसतो. चुकून दोनदा केलं तर सगळं चार वर्षं पुढे जातं, आणि पाहणाऱ्याला कळायला काही मार्ग राहत नाही. त्यातूनही तीच करायची असेल तर आधी `Ctrl+G`, मग `Special`, त्यात `Constants` आणि त्याखाली फक्त `Numbers` ठेवून निवड करा, म्हणजे रिकामे सेल आणि मजकूर वगळला जातो.

मजकूर म्हणजे तुमचे ते तिघे. त्यांच्या तारखा हलल्या नाहीत कारण त्या तारखा नाहीतच, तारखेसारखी दिसणारी अक्षरं आहेत. कोणीतरी 01.04.2021 असं टिंबं देऊन लिहिलं असेल, किंवा कॉम्प्युटरची सेटिंग महिना आधी घेणारी असताना 13-06-2019 टाइप केलं असेल. तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेलने ते तसंच अक्षरांत ठेवलं. अक्षरांचा अर्थ कुठल्याही दिवसापासून मोजावा लागत नाही, ती कुठेही न्या, तशीच राहतात. वरच्या सूत्रात त्यांच्यासमोर रिकामी जागा येईल ती मुद्दाम, म्हणजे ते चटकन सापडतील आणि तुम्ही तेवढे हाताने लिहाल. झटपट रीतीत निवड न गाळता `Add` केलं असतं तर एक्सेलला तारीख म्हणून वाचता येण्याजोगी अक्षरं आधी तारीख झाली असती आणि मग चार वर्षं पुढे गेली असती. म्हणजे जे तिघे बरोबर होते तेही चुकले असते.

आणखी एक दुरुस्ती लोक हमखास करतात आणि ती सगळ्यात वाईट, कारण ती बरोबर झाल्यासारखी दिसते. वर्षं चार मागे गेली ना, मग चार वर्षं मिळवू:

```
=EDATE(B2,48)
```

३१ मार्च २०१७ चं ३१ मार्च २०२१ होतं. वर्ष बरोबर आलं म्हणून माणूस समाधानाने फाइल बंद करतो. पण तारीख अजून एक दिवस मागेच आहे आणि तुमच्या उदाहरणात त्या एका दिवसात आर्थिक वर्ष बदललं: २०२१-२२ चा माणूस २०२०-२१ मध्ये गेला. आपल्याकडे नेमणुका, पगारवाढी, करार १ एप्रिलला धरण्याची पद्धत असल्याने हा एक दिवस नेमका तिथेच येऊन बसतो. अशी अर्धवट दुरुस्ती झालेली फाइल हाती आली तर वारांवरून कळतं. रविवारी सुट्टी असणाऱ्या कारखान्यात बऱ्याच जणांची रुजू तारीख रविवारी पडायला लागली की समजा एक दिवस मागे आहे: सोमवारी रुजू झालेले सगळे रविवारी गेलेत. दुरुस्तीच न झालेल्या तारखांचे वारही चुकतात, पण दुसऱ्या बाजूने. १४६२ ला सातने भागलं की सहा उरतात, त्यामुळे मागे गेलेली तारीख वारात मात्र एक पुढे दिसते. १ एप्रिल २०२१ ला गुरुवार होता, ३१ मार्च २०१७ ला शुक्रवार. म्हणजे तिथे शनिवारचे लोक रविवारी दिसतील.

आता मूळ फाइल. पगाराची फाइल दुरुस्त केलीत तरी हजेरीच्या फाइलमध्ये ती खूण आहे तोवर पुढच्या महिन्यात हेच होणार. खूण काढून टाका असं मी सांगेन, पण ती नुसती काढली की हजेरीतल्या सगळ्या टाइप केलेल्या तारखा तिथल्या तिथे चार वर्षं एक दिवस मागे जातील. म्हणून आधी फाइलची प्रत करून ठेवा, खूण काढा आणि मग तारखांच्या कॉलमांना वरच्याच पद्धतीने १४६२ मिळवा. फक्त तारखांच्या कॉलमांना. येण्याजाण्याच्या वेळा तारखेशिवाय नुसत्याच लिहिलेल्या असतील, तर त्यांना हात लावू नका. सकाळचे साडेनऊ म्हणजे दिवसाचा ०.३९५८ इतका भाग, कुठल्याही पद्धतीत तेवढाच. `TODAY()` किंवा `DATE()` च्या सूत्रातून येणाऱ्या तारखांनाही काही करावं लागत नाही, त्या सूत्रं नव्या पद्धतीप्रमाणे स्वतःच काढतात. पण टाइप केलेल्या तारखेवर उभं असलेलं सूत्र, म्हणजे रुजू तारखेत १८० दिवस मिळवून येणारी कायम होण्याची तारीख, ही मूळ तारीख दुरुस्त झाली की आपोआप दुरुस्त होते. तिलाही १४६२ मिळवलेत तर दोनदा होईल.

खूण काढली की वजा वेळेचे `#####` परत येतील, ज्यासाठी हे सगळं झालं. त्यावर साधा उपाय म्हणजे फरक मिनिटांत ठेवणं. समजा C मध्ये भरलेले तास आहेत आणि D मध्ये अपेक्षित तास:

```
=ROUND((C2-D2)*1440,0)
```

अर्धा तास कमी असेल तर -30 येईल, त्याची बेरीज होते, त्यावर पगाराचा हिशेबही थेट होतो. साहेबांना तास-मिनिटांतच बघायचं असेल तर शेजारी फक्त दाखवण्यासाठी एक कॉलम करा:

```
=IF(C2<D2,"-","")&TEXT(ABS(C2-D2),"h:mm")
```

हा कॉलम अक्षरांचा आहे, याच्यावर बेरीज करू नका.

कोणी म्हणेल, हजेरीची फाइल आम्ही बदलणार नाही, तुम्ही पगारातून तिला लिंक द्या. लिंकमध्येही आकडाच येतो, त्यामुळे तिथेही मिळवावं लागतं:

```
=[hajeri.xlsx]Sheet1!$B$2+1462
```

हे आज चालेल. पण दोन वर्षांनी कोणी शहाण्याने हजेरीची खूण काढून तारखा नीट केल्या की तुमच्या पगारातल्या सगळ्या तारखा चार वर्षं पुढे जातील आणि त्याला पगाराच्या फाइलमधल्या तुमच्या `+1462` ची गंधवार्ताही नसेल. अगदीच नाइलाज असेल तर १४६२ हा आकडा सूत्रात न लिहिता वेगळ्या सेलमध्ये ठेवा आणि त्याच्या शेजारी कारण मराठीत लिहून ठेवा.

ऑफिसात कोणी मॅक वापरत असेल तर त्याला एक सांगा. मॅकवरच्या एक्सेलच्या सेटिंगमध्ये `Edit` खाली `Automatically convert date system` अशी खूण असते. ती चालू असेल तर त्याच्याकडे पेस्ट करताना तारखा आधीच बदलून येतात, आणि तुमचं पाहून त्यानेही १४६२ मिळवले तर त्याच्या चुकतील. त्याने आधी एकच तारीख पेस्ट करून पाहावी.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: आज नेमणूकपत्रं ताडा, मग पगाराची फाइल, आणि हजेरीची फाइल महिन्याचा पगार होऊन गेल्यावरच उघडा. पगाराच्या आदल्या दिवशी ती खूण काढायला जाऊ नका.